एसीचा महिन्याचा वीजखर्च: स्लॅबच्या हिशेबाने

दुकानात एसी बघायला गेलं की विजेच्या खर्चाचं एक तोंडी गणित हमखास ऐकायला मिळतं. दीड टनाचा एसी म्हणजे साधारण दीड हजार वॅट. रात्री आठ तास चालला की बारा युनिट, महिन्याचे तीनशे साठ. युनिटला सहा रुपये धरा, झाले एकवीसशे साठ रुपये. आकडा पटण्यासारखा असतो आणि पुष्कळदा खऱ्या बिलाच्या आसपासही जातो. पण तो जवळ जातो तो त्यातल्या दोन चुका एकमेकींना झाकतात म्हणून. युनिट दुपटीहून जास्त धरलेले असतात आणि दर निम्म्याहून कमी. आठाऐवजी पाच तास चालवला तर किती वाचतील, पंचतारांकित घेतला तर किती फरक पडेल, दुसऱ्या खोलीत आणखी एक बसवला तर काय होईल, असं काही या गणिताला विचारलं की ते साफ चुकीचं उत्तर देतं.

बरोबर आकडा काढायला दोन गोष्टी लागतात: एसी खरोखर किती युनिट खातो, आणि ते युनिट बिलाच्या कोणत्या स्लॅबमध्ये पडतात. उदाहरणासाठी पुण्यातलं एक घर धरू. दोन खोल्या आणि हॉल, महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन, झोपायच्या खोलीत दीड टनाचा तीन तारांकित इन्व्हर्टर एसी, आणि महिना मे. रात्री साडेदहाला एसी लावतात, सकाळी साडेसहाला बंद करतात. सोबत कागद-पेन्सिल, गेल्या वर्षभरातली बिलं आणि मीटरपर्यंत जायची सोय एवढं हवं.

पहिलं काम: वॅटचा आकडा नीट ओळखणं

एसीच्या अंगावर एक माहितीपट्टी असते, घरातल्या भागाच्या बाजूला किंवा बाहेरच्या युनिटवर. तिच्यावर वॅटमध्ये लिहिलेले दोन-तीन आकडे असतात आणि पहिला घोटाळा इथेच होतो. ‘कूलिंग कपॅसिटी’पुढे पाच हजार वॅटच्या आसपासचा आकडा दिसतो. तो विजेचा नाही. एसी खोलीतली किती उष्णता उचलून बाहेर टाकतो, त्याचं ते माप आहे. एक टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट उष्णता, त्यामुळे दीड टनाच्या यंत्रावर पाच हजारांच्या घरातला आकडा असणारच. हा आकडा विजेचा समजून तासाला पाच युनिट धरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या भीतीने एसी घेणंच टाळणारीही.

आपल्याला हवा तो ‘पॉवर इनपुट’पुढचा आकडा. दीड टनाच्या यंत्राला तो साधारण दीड हजार वॅटच्या आसपास असतो. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, म्हणजे दीड हजार वॅटचं चाललं तर दीड युनिट. हे बरोबरच आहे, फक्त एसी सतत त्या ताकदीने चालत नाही. पॉवर इनपुटचा हा आकडा पूर्ण क्षमतेचा आहे. इन्व्हर्टर एसीच्या पट्टीवर अर्ध्या क्षमतेचाही वेगळा आकडा असतो. तो पूर्ण क्षमतेच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, कारण इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू फिरताना जास्त काटकसरीने चालतो. खोली एकदा गार झाली की रात्रभर त्याला हळूच फिरायचं असतं.

म्हणून पट्टीवरच्या वॅटला तासांनी गुणलं की जो आकडा मिळतो, तो कमाल मर्यादा म्हणून ठेवावा. आपल्या घरात तो १.५ × ८ × ३० = ३६० युनिट. प्रत्यक्ष वापर याच्या खालीच राहणार. किती खाली, ते पुढे बघायचं.

एसी अजून घेतला नसेल तर

यंत्र घरी आलेलं नसताना सगळ्यात कामाचा आकडा असतो तो ताऱ्यांच्या लेबलवर. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या या लेबलवर वर्षाला किती युनिट जळतील ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा वर्षाला १,६०० तास चालवण्यावर बेतलेला असतो. म्हणून त्याला १,६०० ने भागलं की तासाचा सरासरी वापर मिळतो. समजा आपल्या तीन तारांकित यंत्रावर ९९२ युनिट लिहिले आहेत. ९९२ भागिले १,६०० म्हणजे तासाला ०.६२ युनिट. आठ तासांचे साधारण पाच, आणि तीस दिवसांचे सुमारे १४९. दुकानातले तीनशे साठ युनिट इथेच निम्म्याहून खाली आले.

दोन यंत्रांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे, कारण दोघांची परीक्षा एकाच रीतीने झालेली असते. तुमच्या घरातला वापर मात्र त्यावरून अंदाजानेच कळतो. लेबलाचा आकडा बाहेरचं तापमान २४ अंशांपासून ४३ अंशांपर्यंत बदलत जातं असं धरून काढलेला असतो. नागपूरची मे महिन्यातली दुपार त्याच्या वरच्या टोकाला असते, तर पुण्यातली पहाट खालच्या. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली, पश्चिमेची भिंत, फटी असलेली खिडकी यांतलं काहीच लेबलाला माहीत नसतं.

एसी घरी असेल तर: मीटर वाचणं

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही रीत. हिला काही विकत आणावं लागत नाही, आणि मीटर तर बिलाचाच आहे.

रात्री एसी लावायच्या क्षणी मीटरवरचा kWh चा आकडा लिहून घ्या. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने बदलत असतात. तारीख, वेळ, व्होल्टेज येऊन जातं, तेव्हा ज्याच्या शेजारी kWh दिसतं तोच घ्या. सकाळी एसी बंद करताना पुन्हा लिहा. या आठ तासांत फ्रिज, पंखे, राउटर हेही चालू असतात, त्यांचे युनिट वजा करावे लागतील. त्यासाठी एखादी रात्र एसीशिवाय काढून त्याच आठ तासांचं रीडिंग घ्यावं. उकाड्यात ते जमणारं नसेल तर संध्याकाळी किमान दोन तास, फक्त फ्रिज आणि तेवढेच पंखे चालू असताना रीडिंग घेऊन चौपट करावं. एकाच तासावर भागवू नये. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधून मधून बंद पडतो, त्यामुळे एका तासाचा आकडा फसवा निघतो.

आपल्या घरात एसीच्या रात्री ७.१ युनिट पडले, एसीशिवायच्या रात्री १.६. फरक ५.५ युनिट. म्हणजे लेबलाच्या अंदाजापेक्षा थोडं जास्त. मे महिन्यात तसं होणारच.

काही मीटर दशांश दाखवतच नाहीत. तिथे एका रात्रीच्या हिशेबात जवळजवळ एका युनिटाची चूक राहू शकते, आणि साडेपाचात एक म्हणजे फारच झालं. अशा मीटरवर सलग चार रात्रींचं रीडिंग घ्यावं आणि एकूण फरकाला चाराने भागावं. चूक आपोआप पाव होते. त्या चार रात्रींत वॉशिंग मशीन, गीझर, इस्त्री यांना एसीच्या वेळात हात लावू नये, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवावं.

रोजचे साडेपाच, तीस दिवसांचे १६५ युनिट. हा आपला पहिला पक्का आकडा.

मीटर आणखीही एक गोष्ट सांगतो. त्याच्यावर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काही छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एका मिनिटात तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा, त्याला ६०,००० ने गुणा आणि ३,२०० ने भागा. त्या घडीला घर किती वॅट ओढतंय ते कळतं. छापलेला आकडा १६०० असेल तर १,६०० ने भागायचं. आपल्या घरात एसी लावल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत मिनिटाला ९० लुकलुकी मोजल्या, म्हणजे सुमारे १,६९० वॅट. पंखे आणि फ्रिजचे दोनशे काढले तर एसीचे जवळजवळ दीड हजार, पट्टीवर लिहिले होते तेवढेच. मध्यरात्री पुन्हा मोजलं तर ४३, म्हणजे सुमारे ८०० वॅट, त्यातले एसीचे सहाशे. पहिला तास जड आणि पुढचे सात हलके, असा इन्व्हर्टर एसीचा चेहरा असतो.

दोन तास उलटल्यावरही लुकलुकणं कमी होत नसेल, तर यंत्र खोलीला पुरं पडत नाही किंवा त्याला अडचण आहे. जाळी धुळीने भरलेली असते, गॅस कमी झालेला असतो, तापमान अठरावर ठेवलेलं असतं, किंवा मोठ्या खोलीला एक टनाचं यंत्र लावलेलं असतं. अशा घरात लेबलाचा आकडा विसरावा आणि पट्टीवरचे पूर्ण वॅटच धरावेत.

जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचं वागणं वेगळं. त्याचा कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालतो किंवा पूर्ण बंद असतो, मधली अवस्था नाही. खोली गार झाल्यावर बाहेरच्या युनिटचा आवाज ऐकून एका तासात तो किती मिनिटं चालू होता हे घड्याळाने मोजावं. १,६०० वॅटचं यंत्र साठांपैकी ३८ मिनिटं चाललं तर तासाला साधारण एक युनिट पडतं.

दुसरं काम: एसीशिवायचं घर

एसीचे १६५ युनिट कोणत्या दराने पडणार हे घराच्या बाकीच्या वापरावर ठरतं, म्हणून तोही आकडा हवा. इथे बरेच जण हिवाळ्याचं बिल घेतात. ते बरोबर नाही. डिसेंबरात पंखे बंद असतात आणि गीझर चालू असतो, मे महिन्यात उलट. शिवाय उन्हाळ्यात फ्रिजही जास्त वीज ओढतो. एसी वर्षभर घरात असेल तर सोपा मार्ग असा की मे महिन्याच्या बिलातल्या एकूण युनिटांतून मोजलेले एसीचे युनिट वजा करावेत. आपल्या घराचं मे महिन्याचं बिल ३४५ युनिटांचं आहे. त्यातून १६५ गेले, उरले १८०. एसी नवा घ्यायचा असेल तर मागच्या वर्षीच्या एप्रिल-मेचं बिल पाहावं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतोच.

तिसरं काम: खरा दर

महाराष्ट्रात घरगुती विजेचे चार स्लॅब आहेत: पहिले १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्याच्या वर. प्रत्येक युनिटाला ते ज्या स्लॅबमध्ये पडतं तिथला दर लागतो. तीनशेएकावं युनिट जळलं म्हणून सगळं बिल तिसऱ्या दराने होत नाही, फक्त ते एक युनिट त्या दराने होतं. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

दर दोन भागांत छापलेला असतो: ‘वीज आकार’ आणि ‘वहन आकार’. दोन्ही दर युनिटाला लागतात, म्हणून ते मिळवूनच घ्यायचे. खालच्या हिशेबात मी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४-२५ या वर्षासाठी महावितरणला ठरवून दिलेले दर वापरले आहेत. वीज आकार चार स्लॅबना अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये, आणि वहन आकार सगळ्यांना १.१७ रुपये. मिळवल्यावर ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१. दर नंतर बदलले आहेत आणि बदलत राहतील. तुमच्या ताज्या बिलावर जे छापलेत ते इथे घालायचे. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानी यांचे दर वेगळे आहेत, गोव्यात स्लॅबच्या हद्दीही वेगळ्या आहेत.

पहिल्या दरावरून दुसऱ्यावरची उडी पाहा, जवळजवळ दुप्पट. एसीचा सगळा हिशेब या उडीवर अवलंबून आहे.

चौथं काम: दोन बिलं मांडून वजाबाकी

एकदा एसीशिवाय बिल काढायचं, एकदा एसीसह, आणि फरक घ्यायचा.

एसीशिवाय १८० युनिट: पहिले १०० युनिट ५.८८ ने म्हणजे ५८८ रुपये, पुढचे ८० युनिट ११.४६ ने म्हणजे ९१६.८०. एकूण १,५०४.८०.

एसीसह ३४५ युनिट: पहिल्या शंभराचे ५८८, पुढच्या दोनशेचे २,२९२, वरच्या ४५ चे १५.७२ ने ७०७.४०. एकूण ३,५८७.४०.

फरक २,०८२.६० रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, कारण ते आकारणीच्या रकमेवर टक्क्याने असतं आणि एसीमुळे ती रक्कम वाढली की तेही वाढतं. २,०८२.६० गुणिले १.१६ म्हणजे २,४१६ रुपये. हा मे महिन्याचा एसीचा खर्च.

इंधन समायोजन आकार मी यात धरलेला नाही, कारण तो महिन्यागणिक बदलतो. बिलावर असेल तर त्या महिन्याचा युनिटमागचा आकडा ज्या त्या स्लॅबच्या दरात मिळवा आणि मग गुणाकार करा. स्थिर आकार मात्र यात घेऊ नये. तो एसी असो-नसो द्यावाच लागतो, दोन्ही बिलांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो.

२,४१६ ला १६५ ने भागलं तर एसीचं युनिट १४ रुपये ६४ पैशांना पडलं. या घराने एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी काढली असती, तर स्थिर आकार सोडून साधारण बारा रुपये आली असती, आणि एसीचा खर्च १,९९० दिसला असता. सव्वाचारशे रुपयांचा फरक. सरासरी दर इथे चुकतो, कारण पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त भाग घराने फ्रिज, दिवे, पंखे यांच्यावर आधीच वापरून टाकलेला असतो. एसी या उतरंडीच्या अगदी वरच्या मडक्याच्या जागी बसतो.

म्हणूनच तोच एसी, तेवढेच तास, पण घर वेगळं असेल तर खर्च वेगळा. दोघंच राहतात, बाकीचा वापर ९० युनिटांचा आहे, अशा घरात एसीचे पहिले १० युनिट स्वस्त दरात बसतात आणि उरलेले १५५ दुसऱ्या स्लॅबमध्ये. वीज शुल्क धरून २,१२९ रुपये. मोठं कुटुंब, दोन फ्रिज, बाकीचा वापर ३८० युनिट, तिथे एसीचे १२० युनिट तिसऱ्या स्लॅबमध्ये आणि ४५ चौथ्यात. तोच एसी ३,११८ रुपयांना पडतो. शेजाऱ्याला एसीचं बिल किती येतं हे विचारून आपला अंदाज बांधू नये तो यासाठी. त्याच्या एसीपेक्षा त्याच्या बाकीच्या घराचाच फरक जास्त असतो.

तास कमी केले तर

खर्च काढून झाल्यावर पुढचा प्रश्न असतो तो बचतीचा. तीही वरून मोजायची. पहाटे साडेपाचलाच एसी बंद केला, तर हलक्या तासातले रोजचे ०.६ युनिट वाचतात, महिन्याचे १८. आपल्या घरात हे अठराच्या अठरा तिसऱ्या स्लॅबमधून निघतात, म्हणजे १५.७२ ने आणि वर शुल्क, एकूण ३२८ रुपये. नुसतं २,४१६ भागिले ८ केलं असतं तर ३०२ आले असते. तेही अशा तासाचे, जो आठांतल्या सगळ्यात कमी वीज खाणाऱ्यांपैकी आहे.

तीनशेच्या वरचे सगळे ४५ युनिट काढता आले तर ८२१ रुपये वाचतात. पण तीनशेच्या खाली उतरल्यावर प्रत्येक युनिटामागची बचत सव्वाअठराच्या आसपासवरून सव्वातेरावर येते. तिथून पुढे उकाडा सहन करायचा की नाही हे प्रत्येकाने आपलं ठरवावं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस खोलीत असेल तर मी तरी तो हिशेब करणार नाही.

तापमानाचं म्हणाल तर सेटिंग एक अंशाने वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ वर यावेत असा नियमही आहे. आपल्या घरी बाविसाचे चोवीस केले तर खरोखर किती फरक पडतो, ते मात्र दोन-दोन रात्रींचं रीडिंग घेऊनच पाहावं.

दुसरा एसी बसवायचा असेल तर तो पहिल्याच्या वर बसतो. आपल्या घरात पहिल्या एसीनेच वापर ३४५ वर नेला आहे. दुसरा तेवढाच चालला तर त्याचे १५५ युनिट तिसऱ्या स्लॅबमध्ये आणि १० चौथ्यात पडतील. वीज शुल्क धरून ३,०३३ रुपये. पहिला २,४१६ चा, तसाच दुसरा सहाशेहून जास्त महाग.

एका फ्लॅटमध्ये चार-पाच मुलं भाड्याने राहतात आणि एकाच खोलीत एसी असतो, तिथे ही वजाबाकी भांडण मिटवायला कामी येते. एसीशिवायचं बिल सगळ्यांत वाटायचं, आणि फरकाची रक्कम एसीच्या खोलीने द्यायची. सरासरी दराने वाटलं तर एसी नसलेल्यांच्या खिशाला खार लागतो.

बिल आलं आणि जुळलं नाही तर

काढलेला आकडा आणि आलेलं बिल यांत शे-दीडशे रुपयांचा फरक राहिला तर तो सोडून द्यावा. मे महिन्यात दोन-चार दुपारीही एसी लागतो, इंधन समायोजन आकार असतो. त्याहून मोठा फरक असेल तर आधी बिलावरचं मागील आणि चालू रीडिंग पाहा, आणि ते कोणत्या तारखांचं आहे ते पाहा. तुमच्या तीस दिवसांऐवजी बिल चौतीस दिवसांचं असेल तर युनिट वाढणारच, आणि त्या प्रमाणात स्लॅबही वाढवून मिळायला हवेत. दोन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं असेल तर पहिला स्लॅब दोनशेचा आणि दुसरा सहाशेपर्यंत धरला गेला पाहिजे. तसं झालेलं नसेल तर बिल दुरुस्त करून मागावं. रीडिंगच्या जागी ‘सरासरी’ असा शेरा असेल तर त्या महिन्याचं बिल प्रत्यक्ष वापराचं नाहीच. पुढच्या रीडिंगला ते सावरून येईल, तोवर त्यावरून एसीबद्दल काही ठरवू नये.

काही राज्यांत ठरावीक युनिटांपर्यंत सवलत असते आणि मर्यादा ओलांडली की ती निघून जाते. दिल्लीत २०१९ साली सुरू झालेल्या योजनेत दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य, आणि त्यापुढे चारशेपर्यंत सवलत अर्धी. तिथे राहणाऱ्या मराठी घरात १८० युनिटांचा वापर एसीमुळे ३४५ वर गेला, तर एसीच्या युनिटांचा खर्च येतोच, शिवाय आधी फुकट असलेल्या १८० युनिटांचेही पैसे द्यावे लागतात. एसीचे युनिट गुणिले दर एवढंच केलं तर हे दिसत नाही. दोन्ही बिलं सवलतीसकट पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडली आणि मग वजाबाकी केली, तर तो भुर्दंडही फरकात आपसूक येतो.